आयटूसी बसला पुल-अप लागतात की नाही : प्रकल्प नोंदी

३ जून

मित्राने सर्किट पाठवलंय, म्हणाला बोर्ड छापायला टाकण्याआधी एकदा नजर टाक. ३.३ व्होल्टवर चालणारा, ८ मेगाहर्ट्झचा एटीमेगा ३२८पीवाला छोटा बोर्ड, त्याला तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारा बीएमई२८० सेन्सर, मध्ये चार वायरी : पॉवर, ग्राउंड, आणि चिप एकमेकींशी बोलतात त्या आयटूसी बसच्या दोन, एसडीए म्हणजे डेटा आणि एससीएल म्हणजे क्लॉक. एवढंच. रेझिस्टर एकही नाही.

मी विचारलं लाईन वर ओढणारे रेझिस्टर, म्हणजे पुल-अप, कुठेत, तर म्हणे "अरे लागतच नाहीत, इतके आठवडे टेबलावर चालू आहे, एकदाही अडकलं नाही." आणि हे खरंच आहे, मी स्वतः बघितलंय चालताना. पण आता त्याला दोन गोष्टी बदलायच्यात, एक म्हणजे तयार मॉड्यूलच्या जागी नुसती सेन्सरची चिप स्वतःच्या बोर्डवर लावायची, आणि दुसरं, सेन्सर डब्याच्या बाहेर साधारण दोन मीटर केबलवर न्यायचा. त्यामुळे "चालतंय ना" एवढ्यावर सोडून चालणार नाही, कशामुळे चालतंय ते आधी कळायला हवं.

कारण कागदावर बघितलं तर हे सर्किट चालायलाच नको. आयटूसीच्या दोन्ही लाईन ओपन ड्रेन असतात, म्हणजे बसवरचा प्रत्येक जण लाईन ग्राउंडला खेचू शकतो किंवा सोडून देऊ शकतो, वर ढकलायचं काम कुणाचंच नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय. त्याच एका वायरवर कंट्रोलर बोलतो आणि नवव्या क्लॉकला सेन्सर "मिळालं" म्हणून लाईन खाली ओढतो, दोघांपैकी एक जोरात वर ढकलतोय आणि दुसरा खाली खेचतोय अशी वेळ आली तर शॉर्टच. म्हणून वर नेण्याचं काम रेझिस्टरकडे. रेझिस्टर नाही तर लाईन वर जायला वाटच नाही. मग याच्या सर्किटमध्ये कोण वर नेतंय?

४ जून

पहिला संशयित मॉड्यूल. पॉवर काढून मॉड्यूल सुटं केलं आणि मल्टीमीटरने एसडीए ते पॉवर पिन मोजलं, ९.९ के. एससीएल ते पॉवर, तेवढंच. भिंग घेऊन बघितलं तर बोर्डवर `103` छापलेले बारीक रेझिस्टर दिसतात, म्हणजे १० के. सापडले.

मोजताना एक करायचं, प्रोब उलटसुलट करून दोनदा मोजायचं. दोन्हीकडून आकडा सारखा आला तर तो खरा रेझिस्टर, वेगवेगळा आला तर मीटर चिपच्या आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून करंट पाठवतोय आणि तो आकडा काही कामाचा नाही.

या मॉड्यूलवर `103` चार आहेत, दोन नाहीत. उरलेल्या दोनपैकी एक सीएसबी पिन वर धरतो (हा खाली गेला तर सेन्सर एसपीआय मोडमध्ये जातो आणि पॉवर बंद करेपर्यंत परत येत नाही) आणि एक एसडीओ खाली धरतो, ज्यामुळे पत्ता `0x76` होतो. तेव्हा नुसती चिप लावताना पुल-अप तर सोडाच, हे दोन पिनसुद्धा कुठेतरी बांधावे लागणार. मित्राच्या नव्या सर्किटमध्ये तेही मोकळे सोडलेत, त्याला कळवलं.

५ जून

आता दुसरा संशयित, कंट्रोलर स्वतः. आर्डुइनोची Wire लायब्ररी सुरू होताना गुपचूप दोन्ही पिनचे आतले पुल-अप चालू करते, सोर्समध्ये `twi_init()` उघडून बघितलं तर सरळ `digitalWrite(SDA, 1)` आणि खाली तसंच एससीएलसाठी. डेटाशीट म्हणते आतला पुल-अप २० ते ५० के मध्ये कुठेही असेल. एवढी मोठी रेंज घेऊन हिशोब कसा करणार, म्हणून याच चिपचा मोजला.

पद्धत सोपी आहे. सेन्सर काढून टाकायचा, स्केचमध्ये फक्त `Wire.begin()` आणि बाकी काही नाही, मग एसडीए ते ग्राउंड १० के लावायचा आणि एसडीएवरचं व्होल्टेज बघायचं. वर आतला रेझिस्टर, खाली माझा १० के, झाला डिव्हायडर. ०.७२ व्होल्ट आले. ३.३ मधून ०.७२ गेले तर २.५८, त्याला ०.७२ ने भागलं की ३.५८, गुणिले १० के, म्हणजे साधारण ३६ के.

म्हणजे टेबलावरच्या सर्किटमध्ये प्रत्येक लाईनला १० के आणि ३६ के समांतर, मिळून ७.८ के. सर्किटच्या चित्रात एकही रेझिस्टर नाही आणि प्रत्यक्षात चार आहेत, दोन मॉड्यूलवर आणि दोन सिलिकॉनमध्ये.

मित्राचं म्हणणं, "मग ठीक ना, मॉड्यूल गेलं तरी ३६ के उरतात." हाच आता खरा प्रश्न आहे. ३६ के पुरतात का?

७ जून

आधी दोन्ही काढून काय होतं ते बघायचं होतं, म्हणजे निदान "लागतच नाहीत" हा भाग तरी मिटेल. मॉड्यूलवरचे एसडीए आणि एससीएलचे `103` सोल्डरिंग आयर्नने उचलले (मीटर लावून, कुठले दोन ते नक्की करून, मगच), आणि आतले पुल-अप कोडमधून बंद केले.

```
Wire.begin();
digitalWrite(SDA, LOW);
digitalWrite(SCL, LOW);
Wire.setWireTimeout(25000, true);
Wire.beginTransmission(0x76);
byte e = Wire.endTransmission();
```

टाइमआउटची ओळ नसेल तर बोर्ड `endTransmission()` मध्ये कायमचा अडकतो, सिरियल मॉनिटरवर पुढे काहीच येत नाही. कंट्रोलर एससीएल सोडतो आणि ती वर जायची वाट बघत बसतो, आणि ती जातच नाही. टाइमआउट लावल्यावर `e` मध्ये 5 आला, म्हणजे वेळ संपली. अपेक्षेप्रमाणे.

पण गंमत पुढे झाली. लूपमध्ये फक्त शेवटच्या दोन ओळी परत परत चालवत होतो तर पहिल्यांदा 5 आणि त्यानंतर सगळे 0, म्हणजे सेन्सर व्यवस्थित उत्तर देतोय! पुल-अप नसताना! थोडा वेळ डोकं चक्रावलं, मग लायब्ररीचा सोर्स परत उघडला. `setWireTimeout` ला दुसरा पॅरामीटर `true` दिला की टाइमआउट झाल्यावर लायब्ररी टीडब्ल्यूआय, म्हणजे चिपमधलं आयटूसीचं हार्डवेअर, बंद करून परत `twi_init()` कॉल करते, आणि `twi_init()` काय करते तर आतले पुल-अप चालू. म्हणजे मी बंद केलेले तिने परत लावले. `false` केल्यावर प्रत्येक वेळी 5, एकदाही 0 नाही.

कुणी "मी पुल-अप बंद करून बघितलं तरी चाललं" म्हणत असेल तर आधी ही जागा बघावी. आणि हो, लाईन मोकळी असताना बोट लावलं की कधीकधी वागणं बदलतं, स्कोपचा प्रोब लावला तरी बदलतं, कारण प्रोबच्या आत १० मेगओहमचा रस्ता आहे ग्राउंडकडे. मोकळ्या लाईनवर घेतलेल्या कुठल्याही निष्कर्षाला अर्थ नाही.

एवढ्यावर एक गोष्ट पक्की, वर ओढणारं कुणीतरी लागतंच.

८ जून

आता फक्त आतले ३६ के. सेन्सर ब्रेडबोर्डवरच, वायरी वीतभर. `0xD0` रजिस्टर वाचलं की बीएमई२८० ने `0x60` द्यायला हवं, ते येतंय, न चुकता येतंय. इथेच बहुतेक लोक थांबतात आणि "लागत नाहीत" म्हणतात, आणि त्यांना दोष तरी कसा देणार.

स्कोपवर मात्र चित्र वेगळं. खाली येणारी कड उभी, कारण ती ट्रान्झिस्टर खेचतोय. वर जाणारी कड वाकडी, शार्कच्या पंखासारखी, कारण ती रेझिस्टरमधून लाईनचं कपॅसिटन्स भरत भरत जातेय. ३० टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत जायला १.२ मायक्रोसेकंद लागले. आयटूसीच्या स्पेसिफिकेशनमध्ये १०० किलोहर्ट्झला ही मर्यादा १ मायक्रोसेकंद (१००० नॅनो) आहे, ४०० किलोहर्ट्झला ३०० नॅनो. म्हणजे वीतभर वायरीवरच आपण हद्दीच्या बाहेर.

यावरून कपॅसिटन्स काढता येतं. सूत्र असं :

```
t = 0.8473 × R × C
```

१.२ मायक्रोसेकंद भागिले (०.८४७३ गुणिले ३६ के), आले जवळपास ४० पिकोफॅरड. यात दोन्ही चिपचे पिन, ब्रेडबोर्ड, वायरी आणि प्रोब सगळं आलं. प्रोब १०एक्सवर ठेवायचा हं, १एक्सवर ठेवला तर तो एकटाच शंभरेक पिकोफॅरड लावतो आणि मग तुम्ही बस मोजत नसता, प्रोब मोजत असता. ३६ के सारख्या कमजोर पुल-अपवर हे फार जाणवतं.

मग हद्दीबाहेर असून चालतंय कसं? त्याचं उत्तर क्लॉकमध्ये आहे. `Wire.setClock(400000)` करून बघितलं तर स्कोपवर ४०० नाहीच, तीनशेच्याही खाली. एव्हीआरचं, म्हणजे आपल्या एटीमेगाचं, हार्डवेअर एससीएल सोडल्यावर ती खरंच वर गेली का ते बघतं आणि मगच हाय टाईम मोजायला लागतं (कुणी सेन्सर क्लॉक धरून ठेवत असेल तर थांबता यावं म्हणून ही सोय आहे). त्यामुळे कड जितकी आळशी तितका क्लॉक आपोआप मंद होतो आणि एसडीएलाही तेवढा जास्त वेळ मिळतो. म्हणजे चूक झाकली जाते. कोडमध्ये ४०० लिहिलंय, लाईनवर ते नाहीच, आणि कुठलाही एरर नाही. स्कोप किंवा लॉजिक अॅनालायझर नसेल तर हे कळणारच नाही, फार तर कुणीतरी म्हणेल सेन्सर वाचायला जरा वेळ लागतोय.

सगळ्या कंट्रोलरचं असं नसतं. कुणी सॉफ्टवेअरने पिन हलवून आयटूसी करत असेल आणि एससीएल वर गेली का ते तपासत नसेल तर तिथे ही दया नाही, बिट सरळ चुकतात.

१० जून

केबल. दोन मीटर, चार तारांची साधी, सेन्सर टोकाला, अजून फक्त आतले पुल-अप. क्लॉक १०० वर.

वर जाणारी कड आता ४.९ मायक्रोसेकंद. परत तोच हिशोब, १६० पिकोफॅरड, म्हणजे केबलने सव्वाशेच्या आसपास आणले, मीटरला साठ. पटण्यासारखं आहे. क्लॉक १०० वरून घसरून सत्तरीला आलाय. आणि तरीही `0x60` येतंय!

खरं सांगायचं तर मला वाटलं होतं इथे मरेल. नाही मेलं. म्हणून मग बाजूला रिले ठेवला आणि त्यावर छोटी मोटर चालू-बंद करत राहिलो, केबल मुद्दाम मोटरच्या वायरीजवळून नेली, कारण डब्याबाहेर प्रत्यक्षात असंच काहीतरी असणार. आता मात्र `e` मध्ये मधूनच 2 (पत्त्याला उत्तर नाही), आणि आयडी वाचताना `0x60` च्या जागी भलतंच काहीतरी. एकदा तर एसडीए खाली गेली ती वर आलीच नाही, पॉवर बंद-चालू करावी लागली.

का होतंय ते स्कोपवर दिसतं. कड ज्या पट्ट्यात शून्य की एक ते ठरतं त्या पट्ट्यातून रांगत जातेय, काही मायक्रोसेकंद तिथेच आहे, आणि त्याच वेळी मोटरचा झटका येऊन बसला की सेन्सरला एका क्लॉकच्या जागी दोन दिसतात. फास्ट मोडच्या चिपमध्ये फिल्टर असतो पण तो ५० नॅनोसेकंदापर्यंतचेच काटे गिळतो, मोटरचे त्याहून रुंद. एक क्लॉक जास्त मोजला गेला की सेन्सर एक बिट पुढे आणि कंट्रोलर मागे, सगळा बाइट सरकतो. आणि असा सरकलेला सेन्सर शून्य पाठवत एसडीए धरून बसला तर कंट्रोलरला बस कायम बिझी दिसते, तेव्हाचं ते अडकणं. (यातून सुटायचा उपाय म्हणजे एससीएलवर नऊ क्लॉक देणं, तेवढ्यात सेन्सर बाइट संपवून लाईन सोडतो. पण तो मलम झाला, रोग वेगळाच.)

शिवाय ३६ के वर धरलेली लाईन फार हलकी असते. शेजारच्या तारेतून थोडा चार्ज उडी मारून आला तरी ती सहज डळमळते आणि परत जागेवर यायलाही तितकाच वेळ घेते.

११ जून

किती हवा याचा हिशोब. दोन बाजूंनी मर्यादा आहे.

वरची मर्यादा कडेच्या वेळेवरून. १०० किलोहर्ट्झ, १६० पिकोफॅरड : १००० नॅनो भागिले (०.८४७३ गुणिले १६० पिको), आले ७.४ के. म्हणजे या केबलवर मॉड्यूलचे १० के, आतल्या ३६ के सोबत धरून ७.८, तेही थोडक्यात बाहेर. ४०० किलोहर्ट्झ हवं असेल तर २.२ के.

खालची मर्यादा, लाईन खाली खेचताना चिपला किती करंट गिळावा लागतो त्यावरून. स्टँडर्ड आणि फास्ट मोडमध्ये चिपने ३ मिलिअँपिअर घेऊन लाईन ०.४ व्होल्टच्या आत ठेवायची असते. ३.३ मधून ०.४ वजा करून ३ मिलिअँपिअरने भागलं की ९७० ओहमच्या जवळपास. याच्या खाली जायचं नाही.

तर जागा साधारण १ के ते ७ के. ४.७ के घेतला. आतल्या ३६ के सोबत ४.२ के होतो, कड ५६० नॅनो यायला हवी, स्कोपवर ५७० च्या आसपास दिसली. क्लॉकही परत शंभरच्या जवळ. मोटर तशीच शेजारी चालू-बंद करत ठेवली, केबलही तिथेच, रात्रभर `0xD0` वाचत ठेवलंय, बघू सकाळी.

१२ जून

सकाळी लॉग बघितला, सगळे `0x60`. याचा अर्थ ही केबल वाट्टेल त्या गोंधळात चालेल असा मी घेत नाहीये, आयटूसी मुळात एका बोर्डवरच्या चिपसाठी आहे आणि स्पेसिफिकेशनमध्येही बसचं कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडपर्यंतच धरलंय. दोनाचे दहा मीटर करायचे असतील तर रेझिस्टर कमी कमी करत जाणं हा मार्ग नाही, बफर चिप लावावी किंवा दुसरी बस घ्यावी.

मित्राचा पुढचा प्रश्न, "मग सरळ १ के टाकून मोकळा होऊ का, जितका जोरदार तितकं बरं?" नको. नंतर तो याच बसवर डिस्प्ले आणि घड्याळाचं मॉड्यूल लावणार आहे, आणि त्या प्रत्येकावर आपापले पुल-अप आहेत, त्याच्याकडच्या दोन्हीवर `472`, म्हणजे ४.७ के. माझा ४.७ आणि ते दोन, तिन्ही समांतर म्हणजे १.५७ के, करंट १.८ मिलिअँपिअर, चालतंय. १ के टाकला असता तर तो आणि हे दोन मिळून ७०० ओहम, चारच्या वर करंट. तेव्हा लाईन खाली जाते पण पुरेशी खाली जात नाही, स्कोपवर शून्याची पातळी जमिनीपासून उचललेली दिसते. हे लक्षात यायला जास्त कठीण आहे कारण कडा एकदम झकास उभ्या दिसतात. मॉड्यूल वाढवत गेल्यावर बस बिघडली तर मीटरने एसडीए ते पॉवर मोजून बघावं, पॉवर बंद करून.

१४ जून

मध्येच एक फाटा, त्याने विचारलं ५ व्होल्टचा बोर्ड पडलाय तो वापरू का. इथे प्रश्न किती ओहमचा नाही, पुल-अप कुठल्या व्होल्टेजला बांधलाय त्याचा आहे. लायब्ररीचे आतले पुल-अप ५ व्होल्टला ओढणार, मॉड्यूलचे १० के ३.३ ला. मधे लाईन कुठे बसेल? ३.३ अधिक १.७ गुणिले १०/४६, म्हणजे ३.६७. आणि बीएमई२८० च्या पिनला स्वतःच्या पुरवठ्यापेक्षा ०.३ व्होल्टच जास्त चालतं, म्हणजे ३.६. किंचित वर. आतले पुल-अप बंद केले तर लाईन ३.३ ला राहते, पण ५ व्होल्टच्या एव्हीआरला हाय म्हणून ३.५ हवेत कागदावर. इकडे आड तिकडे विहीर. बहुतेक वेळा चालून जातं, पण मी लेव्हल शिफ्टर लावायला सांगितलं, नाहीतर ३.३ वालाच ठेव म्हटलं. त्याने ३.३ वालाच ठेवला.

१७ जून

सर्किट बदलून दिलं. एसडीए आणि एससीएलला प्रत्येकी ४.७ के, सेन्सर ज्या ३.३ वर चालतो त्यालाच बांधलेले, कंट्रोलरच्या बोर्डवर. सेन्सरच्या छोट्या बोर्डवर पुल-अपसाठी दोन रिकामे पॅड ठेवले, भरायचे नाहीत, पुढे ४०० किलोहर्ट्झ लागलं तर तिथे ३.९ के बसेल, दोन्ही आणि आतले ३६ के मिळून दोनच्या आसपास येतात, २.२ च्या आत. सीएसबी वर बांधला, एसडीओ खाली. केबलमध्ये एसडीए आणि एससीएल शेजारी शेजारी न ठेवता मधे ग्राउंडची तार घेतली, चार तारांत क्रम लावायचा खर्च शून्य.

कोडमध्ये `Wire.begin()` नंतर आतले पुल-अप बंद करणाऱ्या दोन ओळी ठेवाव्या का यावर थोडी चर्चा झाली. माझं मत, ठेवू नये, ४.७ के समोर ३६ के असले काय नसले काय, आणि टाइमआउटनंतर लायब्ररी ते परत लावणारच आहे. बोर्ड आल्यावर पहिलं काम, पॉवर न देता मीटरने दोन्ही लाईन मोजायच्या, ४.७ के यायला हवेत. मग केबल लावून कड बघायची, ७०० नॅनोच्या वर दिसली तर केबल समजली त्यापेक्षा जड आहे.